'की चालत नाही' एवढंच लिहिलं की विक्रेता सुटतो

मागच्या महिन्यात लॅपटॉपवर विंडोज 11 प्रो नव्याने टाकलं आणि एका ऑनलाइन विक्रेत्याकडून लायसन्स की विकत घेतली. विक्रीच्या पानावर लिहिलं होतं, 'रिटेल, एका कॉम्प्युटरसाठी, कायमस्वरूपी'. इन्स्टॉलेशन नीट झालं, पण ॲक्टिव्हेशन काही केल्या होईना. त्याच रात्री मी तावातावाने तक्रार लिहिली की पैसे घेतलेत, की चालत नाही, ही फसवणूक आहे. सकाळी दोन ओळींचं उत्तर आलं: 'की जेन्युइन आहे. इंटरनेट तपासा आणि विंडोज पुन्हा इन्स्टॉल करा.'

मी केलं. अख्खा रविवार त्यात गेला आणि तोच एरर पुन्हा समोर आला.

तेव्हा कुठे मी त्या एररकडे नीट पाहिलं. `0xC004C020`. माझी सगळी केस याच कोडमध्ये होती आणि पहिल्या पत्रात मी तो लिहिलाच नव्हता! की टाइप करताना चूक झाली की साधारण `0xC004F050` येतो. होमची की प्रोवर टाकली तर `0xC004F210` येतो. या दोन्हींत दुरुस्ती आपल्या हातात असते. पण `0xC004C020` म्हणजे ॲक्टिव्हेशन सर्व्हरने की ओळखली आणि तिची ठरलेली मर्यादा संपल्याचं सांगितलं. म्हणजे सर्व्हरपर्यंत माझं बोलणं पोचत होतं, इंटरनेट ठीक होतं. आणि मर्यादा सर्व्हरवर मोजली जात असल्याने दहा वेळा इन्स्टॉल केलं तरी फरक पडणार नव्हता.

मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला, `slmgr /ipk` ने की पुन्हा भरली आणि या दोन कमांड चालवल्या:

```
slmgr /ato
slmgr /dli
```

पहिलीने तोच एरर दिला. दुसरीने उघडलेल्या खिडकीत लिहिलं होतं `VOLUME_MAK channel`. रिटेल की असती तर तिथे `RETAIL channel` दिसलं असतं. MAK म्हणजे मल्टिपल ॲक्टिव्हेशन की, ती संस्थांना मिळते. एकच की, ठरावीक संख्येची ॲक्टिव्हेशन्स, संस्थेच्या स्वतःच्या मशीनसाठी. ती सुटी सुटी करून अनेकांना विकली की संख्या कधीतरी संपते, आणि त्यानंतर आलेल्या माणसाच्या हाती माझ्यासारखी निरुपयोगी की पडते. मर्यादा वाढवून मागता येते, पण ज्या संस्थेचा करार आहे तिलाच. विक्रेता 'जेन्युइन' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, म्हणूनच त्या शब्दावर वाद घालण्यात अर्थ नाही. वाद 'रिटेल' या शब्दावर घालायचा.

दुसरं पत्र असं लिहिलं:

'ऑर्डर क्रमांक व तारीख वर दिली आहे. आपण विंडोज 11 प्रोची रिटेल की विकली. विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडला आहे. मिळालेल्या कीची शेवटची पाच अक्षरं खाली देत आहे. ॲक्टिव्हेशन करताना 0xC004C020 हा एरर येतो, आणि slmgr /dli मध्ये ही की VOLUME_MAK प्रकारची दिसते. दोन्हींचे स्क्रीनशॉट सोबत आहेत. वर्णनाप्रमाणे माल मिळालेला नसल्याने सात दिवसांत पूर्ण रक्कम परत करावी, किंवा RETAIL दाखवणारी दुसरी की द्यावी. अन्यथा मी बँकेकडे या व्यवहाराबद्दल वाद दाखल करेन.'

संपूर्ण की पत्रात किंवा स्क्रीनशॉटमध्ये कधीही टाकू नका. शेवटची पाच अक्षरं विक्रेत्याला त्याची नोंद शोधायला पुरतात, आणि `/dli` च्या खिडकीतही तेवढीच दिसतात.

यावर उत्तर आलं की आमचा माणूस रिमोटने लॅपटॉपवर येऊन ॲक्टिव्हेट करून देईल. मी नाही म्हटलं. अनोळखी माणसाच्या हातात मशीन देणं तर नकोच, आणि त्याने काहीतरी खटपट करून ॲक्टिव्हेट केलंच तरी लायसन्स माझं होणार नव्हतं. मग म्हणाले, की एकदा पाठवली की परत घेत नाही. हा नियम मन बदललेल्या ग्राहकासाठी असू शकतो. मी मन बदललं नव्हतं, मागवलेली वस्तूच मला मिळाली नव्हती. तेवढंच एका ओळीत लिहिलं आणि तेच स्क्रीनशॉट पुन्हा जोडले. मुदतही तीच ठेवली, कारण बँकेत वाद दाखल करायलाही मुदत असते आणि 'उद्या बघतो'च्या उत्तरांत ती निघून जाते.

सहाव्या दिवशी पैसे परत आले. सोबत ना माफी, ना खुलासा. त्या विक्रीच्या पानावर आजही 'रिटेल' असंच लिहिलेलं आहे.