दोन पासनंतरचा अ‍ॅरे: खुलासा

“दोन पास झाले की पहिले दोन आकडे कायमच्या जागी बसतात, बबल असो वा इन्सर्शन.”

इंदूरला भंवरकुआँच्या कोचिंगांत फिरणारा हा नियम सिलेक्शन सॉर्टचा आहे. 7 4 9 2 5 चढत्या क्रमाने लावून पाहा.

बबल डावीकडून चालतो. पहिल्या पासनंतर 4 7 2 5 9, दुसऱ्यानंतर 4 2 5 7 9. इथे शेवटचे दोन पक्के होतात, पहिले नाहीत.

इन्सर्शनमध्ये पहिला पास 4 पासून सुरू होतो: 4 7 9 2 5. दुसऱ्यात 9 जागचा हलत नाही, तरी तो पास मोजायचाच; बरेच जण इथेच गुण घालवतात. पहिले तीन आपसांत क्रमाने आहेत, पण कायमचे नाहीत. तिसऱ्या पासात 2 सर्वांना सरकवतो: 2 4 7 9 5.