चार कोपऱ्यांचा हिशोब: सरासरी क्षेत्रफळाबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

> "तुमचं सूत्र पुस्तकी आहे. वरचं आणि खालचं क्षेत्रफळ काढा, सरासरी घ्या, उंचीने गुणा, विषय संपला. आम्ही साइटवर फाउंडेशनचे खड्डे असेच मोजतो आणि बिलं पास होतात. वॉशिंग्टन मॉन्युमेंटच्या उदाहरणात ते a×b मधेच कशासाठी घुसवलंत? त्याने असा किती फरक पडतो?"

नमस्कार. माथा कापलेल्या पिरॅमिडच्या घनफळाचं सूत्र मी आधी दिलं होतं, त्यावर आलेली ही प्रतिक्रिया. फरक किती पडतो हे आधी सांगतो, मग तो कुठून येतो ते.

वॉशिंग्टन मॉन्युमेंट हा अमेरिकेतला उंच, निमुळता दगडी स्मारकस्तंभ. त्याचा खांब तळाशी ५५ फूट १½ इंच बाजूचा चौरस आहे. ५०० फूट वर, जिथून टोकाचा लहान पिरॅमिड सुरू होतो, तिथे बाजू ३४ फूट ५½ इंच भरते. दशांशात ही मापं ५५.१२५ आणि ३४.४५८ फूट होतात. (५½ इंच म्हणजे ०.५५ फूट नव्हे. ही गफलत घाईत फार जणांकडून होते.) तळाची बाजू a, माथ्याची b आणि उंची h धरली, तर h/3 × (a² + ab + b²) या सूत्राने खांबाचं बाहेरून घनफळ सुमारे १०,२०,९०० घनफूट येतं. तुमच्या पद्धतीने ते सुमारे १०,५६,५०० येतं, म्हणजे साधारण ३५,६०० घनफूट जास्त. टक्केवारीत हा फरक साडेतीनच्या आसपास आहे आणि तळाच्या नि माथ्याच्या बाजूंत तुलनेने कमी तफावत असल्यामुळेच तो इतका लहान दिसतो. हे सगळं बाह्य आकाराचं घनफळ आहे, दगडाचं नाही. खांब आतून पोकळ आहे आणि भिंत तळाशी १५ फूट तर माथ्याजवळ जेमतेम दीड फूट जाड आहे.

आता तुमच्या खड्ड्याकडे येऊ. समजा खड्डा वर ६ मीटर चौरस, तळाशी २ मीटर चौरस आणि २ मीटर खोल आहे, म्हणजे बाजू १:१ उताराच्या. तुमच्या पद्धतीने ३६ आणि ४ ची सरासरी २०, गुणिले २, म्हणजे ४० घनमीटर. खरी माती निघते २/३ × (३६ + १२ + ४), म्हणजे ३४.६७ घनमीटर. एका खड्ड्यात ५.३३ घनमीटर न खणलेल्या मातीचे पैसे दिले गेले. हे पंधरा टक्क्यांहून जास्त झालं, आणि चूक नेहमी कंत्राटदाराच्याच बाजूने पडते. बिल पास झालं म्हणून माप बरोबर होतं असं ठरत नाही.

कारण समजून घ्यायला फार जुनी नि सोपी मापं घेऊ. मॉस्कोत ठेवलेल्या इजिप्शियन पपायरसातल्या चौदाव्या उदाहरणात माथा कापलेला पिरॅमिड आहे: तळाची बाजू ४, माथ्याची २, उंची ६. उत्तर दिलंय ५६. हा ठोकळा मनातल्या मनात कापा. माथ्याच्या चौरसाच्या चारही कडांवरून सुरी सरळ खाली तळापर्यंत उतरवा.

मधोमध २×२×६ चा उभा खांब उरतो. त्याचं घनफळ २४. खांबाच्या प्रत्येक बाजूला पाचरीसारखा एक तुकडा निघतो: तळाशी रुंदी १, लांबी २, उंची ६, आणि वर जाताना रुंदी शून्य होते. त्याचा छेद त्रिकोणी, म्हणून घनफळ पूर्ण चौकोनी ठोकळ्याच्या निम्मं, म्हणजे ६. अशा चार पाचरी मिळून २४. राहिले चार कोपरे. प्रत्येक कोपऱ्याचा तळ १×१ चा आणि उंची ६, पण तो दोन्ही दिशांनी निमुळता होत एका टोकाला मिळतो. तो स्वतःच एक लहान पिरॅमिड आहे, म्हणून त्याचं घनफळ ठोकळ्याच्या एक तृतीयांश, म्हणजे २. चारांचे ८. बेरीज २४ + २४ + ८ = ५६.

सरासरी क्षेत्रफळाने उत्तर ६० येतं. जास्तीचे ४ कुठून आले? खांबात चूक नाही, पाचरींतही नाही. सरासरी कोपऱ्यालाही पाचर समजते आणि एक तृतीयांशऐवजी निम्मं घनफळ धरते, त्यामुळे ८ च्या जागी १२ होतात. काही जण उलट करतात: बाजूंची सरासरी काढून तिचा वर्ग घेतात, म्हणजे मधल्या उंचीवरचा छेद. त्याने ३×३×६ = ५४ येतं. तिथे कोपऱ्याचं घनफळ ठोकळ्याच्या फक्त एक चतुर्थांश धरलं जातं, ८ च्या जागी ६. सगळा तंटा त्या चार कोपऱ्यांचा आहे.

एक तृतीयांशच का, असं विचाराल तर एक घन घ्या आणि त्याचा एक कोपरा निवडा. त्या कोपऱ्याला न भिडणारी तीन पृष्ठं आहेत. प्रत्येक पृष्ठ त्या कोपऱ्याशी जोडलं की घनाचे अगदी सारखे तीन पिरॅमिड होतात. आपल्या कोपऱ्यांचा आकार नेमका हाच आहे, फक्त एका दिशेने ताणलेला, आणि ताणल्याने वाटा बदलत नाही.

तुम्ही खड्डे मोजता म्हणून ब्रह्मगुप्ताचा उल्लेख इथे अगदी जागेवर आहे. इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात खड्ड्याच्या घनफळासाठी त्याने वरच्या दोन्ही रीती दिल्या आहेत. बाजूंच्या सरासरीने येतं ते व्यावहारिक, क्षेत्रफळांच्या सरासरीने येतं ते औत्र. मग तो म्हणतो, औत्रातून व्यावहारिक वजा करा, बाकीला तीनने भागा आणि ते व्यावहारिकात मिळवा, की सूक्ष्म घनफळ मिळतं. पपायरसाच्या मापांवर बघा: ६० वजा ५४ म्हणजे ६, भागिले ३ म्हणजे २, आणि ५४ + २ = ५६. तुमच्या खड्ड्यात ४० आणि ३२, फरक ८, त्याचा तिसरा हिस्सा २.६७, आणि ३४.६७ आलं. a×b हे पद लक्षात ठेवायचा कंटाळा येत असेल तर साइटवर ही रीत वापरा. तुम्हाला सवयीची सरासरीही त्यात आहेच. एस्टिमेटिंगमध्ये शिकलेला प्रिझमॉइडल फॉर्म्युला, म्हणजे वरचं क्षेत्रफळ, मधल्याची चौपट आणि खालचं यांची बेरीज भागिले सहा गुणिले खोली, हाही हाच हिशोब आहे.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी, कारण तुमचे सगळे खड्डे चौरस नसणार. वर ६×८ आणि तळाशी २×४ असा आयताकृती खड्डा चारही बाजूंना सारख्याच उताराने उतरतो, पण त्याच्या तिरप्या कडा वाढवल्या तर त्या एका बिंदूत मिळत नाहीत. तो पिरॅमिडचा तुकडा नाहीच. तिथे a×b च्या जागी दोन क्षेत्रफळांच्या गुणाकाराचं वर्गमूळ घालून २ मीटर खोलीला ५०.४ येतं, तर खरं घनफळ ५०.६७ आहे. फरक लहान आहे, पण अशा खड्ड्याला प्रिझमॉइडलच लावा. ओळखायची खूण सोपी आहे: वरच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर आणि तळाचं गुणोत्तर सारखं आहे का बघा. इथे ८:६ आणि ४:२, म्हणजे नाही.

आणि खोली टेप तिरप्या बाजूवर टेकवून मोजत असाल तर तेही थांबवा. १:१ उतारावर २ मीटरची खोली २.८३ भरते, आणि मग कुठलंही सूत्र वाचवत नाही. तुमच्या एखाद्या जुन्या खड्ड्याची वरची, तळाची आणि ओळंब्याने घेतलेली खोलीची मापं इथेच खाली टाकलीत तर हिशोब सोबत करून बघू.