माइंड मॅप काढूनही गल्लत का होते: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “तुमचा लेख वाचून राज्यघटनेचे माइंड मॅप काढले. हिंजवडीतली नोकरी सांभाळून रविवार त्यात घातले, पाच रंगांची पेनं वापरली. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सराव चाचणी दिली, तर धन विधेयक आणि घटनादुरुस्ती विधेयक यांचीच गल्लत झाली. संशोधनही सांगतं की नकाशे काढण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवणं चांगलं. मग हे चित्रकलेचे धडे कशाला?”

नमस्कार. तुमच्या मनात बहुधा कार्पिक आणि ब्लंट यांचा 2011 साली ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास असावा. त्याचा निष्कर्ष मला मान्य आहे. पण त्यात नकाशा काढणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर पाठ उघडा होता. पुढे 2014 मध्ये याच दोघांनी पाठ काढून घेऊन आठवणीतून नकाशा काढायला लावला. तेव्हा तो आठवून परिच्छेद लिहिण्याइतकाच उपयोगी ठरला. पुस्तक उघडं ठेवून काढलेला नकाशा ही सुबक नक्कल असते. काढताना सगळं कळल्यासारखं वाटतं, कारण उत्तर शेजारीच असतं.

तुमच्या गल्लतीला मात्र आणखी एक कारण असावं, आणि ते नकाशाच्या आकारात आहे. मधे ‘विधेयकं’, त्यातून साधारण, धन आणि घटनादुरुस्ती अशा तीन फांद्या आणि प्रत्येकीखाली लोकसभा, राज्यसभा, राष्ट्रपती, अशीच मांडणी बहुतेक जण करतात. त्यात ‘राज्यसभा’ तीन कोपऱ्यांत तीनदा येते. परीक्षेत विचारला जातो तो या तीन ठिकाणांमधला फरक, आणि नेमका तोच कागदावर कुठे दिसत नाही.

म्हणून राज्यसभेची चौकट कागदावर एकदाच काढा. तीन प्रकारचे बाण तिच्यात येऊ द्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाणावर काय घडतं ते लिहा. धन विधेयकाच्या बाणावर: ‘14 दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींविना परत करते, न केल्यास मंजूर झालं असं मानलं जातं’. साधारण विधेयकाच्या बाणावर: ‘फेटाळलं, दुरुस्त्यांवर एकमत झालं नाही किंवा सहा महिन्यांहून अधिक काळ मंजूर झालं नाही, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात’. घटनादुरुस्तीच्या बाणावर: ‘विशेष बहुमतानं मंजूर व्हायलाच हवं, संयुक्त बैठक नाही’. राष्ट्रपतींचंही तसंच. साधारण विधेयक ते फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, धन विधेयक परत पाठवू शकत नाहीत, आणि घटनादुरुस्तीला 1971 च्या 24 व्या दुरुस्तीपासून संमती देणं बंधनकारक आहे.

आता हे तीन बाण एकमेकांशेजारी दिसतात आणि ‘का’ हा प्रश्न आपोआप पडतो. धन विधेयकात राज्यसभेच्या नकाराला अर्थच उरत नसेल, तर त्यासाठी संयुक्त बैठक लागेल कशाला? हा दुवा एकदा जुळला की ‘धन विधेयकासाठी संयुक्त बैठक होते’ हा पर्याय तुम्हाला फसवू शकणार नाही.

बाणावरचे शब्द टाळू नका, निम्मा अभ्यास त्यांतच आहे. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी 1970 च्या दशकात संकल्पना-नकाशाची पद्धत विकसित केली, तिचा कणा हाच आहे: चौकट, बाणावरचे शब्द, चौकट मिळून अर्थपूर्ण विधान झालं पाहिजे. ‘लोकसभा – राज्यसभा’ अशी नुसती रेघ काहीच सांगत नाही. रेघेवर काय लिहावं हे सुचत नसेल, तर तिथेच समज कच्ची आहे.

तुमच्यासारख्या नोकरदाराला पेलेल असा क्रम सांगतो. संध्याकाळी चार-पाच पानं वाचा आणि पुस्तक मिटा. कोऱ्या ए-फोर कागदावर पेन्सिलीनं दहा मिनिटं नकाशा काढा. साधारण पंधरा चौकटींच्या वर गेलात, तर विषय दोन कागदांवर तोडा. मग पुस्तक उघडून चुकलेलं आणि सुटलेलं फक्त लाल पेनानं भरा. रंग एवढाच, म्हणजे लाल दिसलं की तिथे काम बाकी आहे हे कळतं. दोन-तीन दिवसांनी आधीचा कागद न पाहता नवा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. तेच लाल पुन्हा लाल आलं, तर तो भाग पुस्तकातून परत वाचायचा, नकाशा सजवत बसायचं नाही. जुने कागद जपण्याचीही गरज नाही.

कलमांचे क्रमांक, परिशिष्टांतले विषय अशा सुट्या याद्यांसाठी मात्र नकाशा काढू नका. त्यांच्यात जोडायला काही नसतं, तिथे प्रश्न एका बाजूला आणि उत्तर दुसऱ्या बाजूला असलेली चिठ्ठी पुरते. कलम 110 मधली यादी चिठ्ठीवर ठेवा. पण ‘फक्त त्याच विषयांपुरतं असेल तरच धन विधेयक, आणि तसं आहे का हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात’ हे नकाशात, पहिल्याच बाणावर हवं.