न वाचलेल्या पेपरचा संदर्भ

«पीएचडीवाल्यांनो, दुसऱ्याच्या पेपरात सापडलेली कल्पना वापरताना सरळ मूळ लेखकाचाच संदर्भ टाका, श्रेय त्याचंच असतं. मधल्या पेपरात आणि मुळात माहिती तीच असते. हे कुणाला कळत नाही, सॉफ्टवेअरही पकडत नाही. ‘अमुकमध्ये उद्धृत’ लिहिलं की परीक्षक समजतो, यानं वाचलेलं नाही. आणि जुने पेपर मिळतात कुठं? सगळे हेच करतात.»

पीएचडी करणाऱ्यांना हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातला श्रेयाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कल्पना ज्याची, नाव त्याचं, यात वाद नाही. पण संदर्भ दोन गोष्टी सांगत असतो: हे कुणी म्हटलं, आणि मला ते कुठं वाचायला मिळालं. दुसरी गोष्ट वाचकासाठी असते. त्याला तिथं जाऊन ताडून पाहता यावं म्हणून. मधला पेपर गाळून नुसतं मूळ लेखकाचं नाव टाकलं, तर पहिली गोष्ट खरी राहते आणि दुसरी खोटी होते. शिवाय ते जुनं लिखाण हुडकून, त्यातला नेमका भाग निवडून तुमच्यापुढे ठेवण्याचं काम मधल्या लेखकानं केलेलं असतं, तेही पुसलं जातं.

मराठ्यांच्या इतिहासात काम करणाऱ्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पानिपतच्या आगेमागचं एखादं पत्र वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या 1898 सालच्या पहिल्या खंडात छापलेलं वाचलं, तर तळटीपेत राजवाड्यांचा खंड आणि लेखांक येतो. मोडी कागद स्वतः पाहिल्याच्या थाटात कुणी थेट दप्तराचा हवाला दिला, तर जाणकार विचारतात, कागद बांधलेला रुमाल कुठला? मग पंचाईत होते.

आता माहिती ‘तीच’ असण्याबद्दल. इथं जरा थांबायला हवं, कारण घोळ सगळा इथंच होतो.

10 जानेवारी 1980 च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या अंकात जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं एक पत्र छापून आलं. लेख नव्हे, संपादकांना पत्र; एक परिच्छेद, पाच वाक्यं. रुग्णालयात दाखल असताना ज्यांच्या औषधांची नोंद ठेवली गेली अशा 39,946 रुग्णांच्या फायली त्यांनी पाहिल्या. त्यांतल्या 11,882 जणांना अफूच्या जातीचं वेदनाशामक निदान एकदा तरी दिलं होतं. आधी कधी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची बऱ्यापैकी खात्रीची नोंद सापडली, आणि त्यातलं गंभीर एकच. म्हणून, रुग्णालयांत ही औषधं सर्रास वापरली जात असूनही आधी व्यसन नसलेल्या रुग्णांत ते क्वचितच लागतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

पत्रात काय नाही तेही बघा. औषध किती दिवस दिलं, किती मात्रेत दिलं, हे नाही. रुग्ण घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, हे नाही. बारा महिने पाठदुखीसाठी रोज गोळी घेणाऱ्या माणसाबद्दल तर या पाच वाक्यांत अवाक्षर नाही. पत्र लिहिणाऱ्यांनी तसा दावाही केला नव्हता.

पुढे हे पत्र एका पेपरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात राहिलं, आणि वाटेत ‘रुग्णालयात दाखल’ हे शब्द गळून पडले. उरलं ते एवढंच की अशा औषधांचं व्यसन क्वचितच लागतं. ‘एक टक्क्याहून कमी’ हा आकडाही बोकाळला. पत्रात टक्केवारी दिलेलीच नाही. 11,882 मध्ये चार म्हणजे साधारण 0.03 टक्के येतात. म्हणजे ‘एक टक्क्याहून कमी’ गणितानं चूक नाही, पण पत्र समोर ठेवून बसलेला माणूस हा आकडा कशाला लिहील? मुळात नसलेला आकडा सगळ्यांच्या लिखाणात सारखाच दिसला, की तो मधूनच कुठूनतरी आलाय असं समजावं.

2017 मध्ये ल्युंग आणि त्यांच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात या पत्राचा पुढचा प्रवास मोजून छापला. 608 ठिकाणी त्याचा संदर्भ दिलेला सापडला. त्यांपैकी 439 ठिकाणी तो व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून वापरला होता. आणि 491 ठिकाणी, म्हणजे दर पाचांत चार वेळा, हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते याचा उल्लेखच नव्हता. या 491 जणांनी पत्र वाचलंच नसेल असं म्हणता येत नाही. काहींनी वाचून सोयीनं गाळलं असेल. पण दोघांचा संदर्भ कागदावर हुबेहूब सारखा दिसतो, आणि खरी अडचण ती आहे. प्रत्येकानं ‘अमुकच्या पेपरातून घेतलं’ असं प्रामाणिकपणे लिहिलं असतं, तर चार पेपर चाळणाऱ्यालाही दिसलं असतं की हे सगळं एकाच खुंटीला टांगलेलं आहे. तसं न लिहिल्यामुळे एकाच ऐकीव गोष्टीचे शेकडो स्वतंत्र साक्षीदार उभे राहिले. अमेरिकेत त्या काळात या गोळ्या किती सढळ हातानं लिहून दिल्या गेल्या आणि पुढे काय झालं, हे आता सर्वांना माहीत आहे. त्याचा सगळा दोष एका पत्रावर टाकणं अन्यायाचं होईल. पण त्या पत्राच्या आधारानं डॉक्टरांची भीती घालवली गेली, हे ल्युंग यांनीही नोंदवलंय.

कुणाला कळत नाही? सॉफ्टवेअरपुरतं बोलायचं तर मान्य. ते मजकूर किती जुळतो एवढंच मोजतं, आणि संदर्भसूची बहुतेक ठिकाणी त्या मोजणीतून वगळलेलीच असते. माणसांना मात्र कळतं, आणि तेही चुकांवरून. मिखाईल सिमकिन आणि वाणी रॉयचौधरी या लॉस एंजेलिसमधल्या दोघांनी 2003 च्या सुमारास एका गाजलेल्या पेपरचे सुमारे 4,300 संदर्भ तपासले. 196 संदर्भांत खंड, पान किंवा साल चुकलं होतं. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर त्या फक्त 45 भरल्या. पानाच्या आकड्याची एकच चूक 78 जणांनी केली होती. स्वतः पेपर पाहून लिहिताना हात घसरला, तर प्रत्येकाचा वेगळा घसरतो. 78 जणांचा एकाच अंकावर घसरत नाही. यावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम 20 टक्के लोक मूळ वाचत असावेत. हा आकडा जरा जपून घ्यावा, कारण पेपर नीट वाचूनही नोंद मात्र दुसऱ्याच्या सूचीतून उतरवून घेणारे असतातच. पण उतरवलेली नोंद ओळखायची खूण पक्की आहे, आणि परीक्षकाला ती वापरायला दोन मिनिटं लागतात: तुमच्या सूचीतली चुकीच्या पान क्रमांकाची नोंद जशीच्या तशी गुगल स्कॉलरवर टाकायची आणि तीच चूक आणखी कुणाकडे आहे ते पाहायचं.

आता परीक्षकाची भीती. दुय्यम संदर्भ ही मान्य पद्धत आहे. तिचे नियम छापलेले आहेत. वरचंच उदाहरण घेऊ. समजा तुम्ही ल्युंग यांचा 2017 चा मजकूर वाचलात, 1980 चं पत्र पाहिलं नाहीत, आणि चौघांना व्यसन लागल्याचा आकडा तुम्हाला हवा आहे. एपीए पद्धतीत मजकुरात असं येईल:

11,882 रुग्णांपैकी चौघांनाच व्यसन लागल्याची नोंद होती (पोर्टर आणि जिक, 1980, ल्युंग आणि इतर, 2017 मध्ये उद्धृत).

संदर्भसूचीत मात्र फक्त ल्युंग येतील. पोर्टर आणि जिक सूचीत नाहीत, कारण ते तुम्ही वाचलेले नाहीत. एमएलएचीही साधारण हीच रीत आहे. शिकागो पद्धतीला दुय्यम संदर्भ फारसा पसंत नाही, पण मूळ मिळतच नसेल तर ती तळटीपेत दोन्हींचा पूर्ण तपशील मागते. पान क्रमांक द्यायचा तो तुमच्या हातातल्या लिखाणाचा. मुळाचा पान क्रमांक मधल्या लेखकाकडून उचलायचा नाही. वरची 78 जणांची गंमत तिथूनच सुरू होते.

एक बारकावा बऱ्याच प्रबंधांत चुकतो. मधल्या पेपरातली प्रत्येक गोष्ट काही ‘उद्धृत’ नसते. 491 हा आकडा ल्युंग यांचा स्वतःचा आहे, तिथं नुसतं ‘ल्युंग आणि इतर, 2017’ एवढंच हवं. आणि त्या पत्राचा लोकांनी भलताच अर्थ लावला, हे मतही त्यांचंच. ते पोर्टर आणि जिक यांच्या नावावर ढकलू नका. वाक्य लिहिताना स्वतःला विचारा, हा आकडा कुणाचा, आणि हे मत कुणाचं? दोन्हींची उत्तरं वेगळी आली तर वाक्य तोडून दोन करा.

परीक्षक रागावतात ते एवढ्यावर नाही. प्रबंधाचा कणा असलेला सिद्धांतच ‘उद्धृत’ असेल, किंवा दर पानावर तीन-तीन ‘उद्धृत’ असतील, तर ते रागावतात, आणि योग्यच रागावतात. ओझरत्या उल्लेखाला दुय्यम संदर्भ चालतो. ज्यावर तुमचा निष्कर्ष उभा आहे, ते मात्र स्वतः वाचायलाच हवं.

जुने पेपर मिळत नाहीत, ही तक्रार पूर्वी खरी होती. आज आधी डीओआय टाकून पाहा, मग गुगल स्कॉलरवर त्या नोंदीखालच्या सगळ्या आवृत्त्या उघडा; लेखकानं स्वतःच्या पानावर ठेवलेली प्रत पुष्कळदा तिथं सापडते. जुनी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर, भारतीय प्रबंध शोधगंगेवर. तुमचं ग्रंथालय डेलनेटचं सदस्य असेल तर ग्रंथपालांना सांगून दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवता येते. लेखक हयात असेल तर दोन ओळींची ईमेल करा. पोर्टर आणि जिक यांचं पत्र तर त्या नियतकालिकाच्या संकेतस्थळावरच आहे, वर आता संपादकांनी सावधगिरीची टीपही जोडली आहे. पाच वाक्यं वाचायला अर्धं मिनिट लागतं. ती वाचलीत की पोर्टर आणि जिक यांचा थेट संदर्भ द्या, ‘उद्धृत’ची गरजच उरत नाही.

एवढं करूनही काही गोष्टी हाती लागत नाहीत: एकच प्रत उरलेली आणि तीही बंद कपाटात, न छापलेलं व्याख्यान, किंवा तुम्हाला न येणाऱ्या जर्मन वा रशियन भाषेतला लेख. दुय्यम संदर्भ आहे तो यांच्यासाठीच, तिथं तो बेलाशक वापरा. आणि मधल्या पेपरानंही ती गोष्ट तिसऱ्याकडूनच घेतली असेल, तर निदान त्या तिसऱ्यापर्यंत तरी जाऊन या. तो बहुतेक वेळा मिळतो.