एक फॉरमॅट आणि एक फॉन्ट एवढ्यावर लाख-कोटींचा अहवाल होत नाही

“एक्सेल रिपोर्टमध्ये रकमा लाख-कोटीत हव्या असतील तर खालचा फॉरमॅट पूर्ण कॉलमला लावा. कोणाकडे तरीही मिलियनसारखे स्वल्पविराम दिसले तर त्याने विंडोजचे रीजन ‘इंडिया’ करावे. पीडीएफमध्ये मराठी युनिकोड फॉन्ट एम्बेड केला की देवनागरी बरोबर येते. बाकी काही करावे लागत नाही.”

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

वरचा सल्ला तीन ठिकाणी अपुरा पडतो. पहिला मुद्दा फॉरमॅटचा. एक्सेलच्या कस्टम फॉरमॅटमध्ये अटी फक्त दोनच देता येतात आणि उरलेले सर्व आकडे तिसऱ्या विभागात जातात. वरच्या दोन्ही अटी धन रकमांच्या असल्यामुळे कोणतीही ऋण रक्कम, मग ती कितीही मोठी असो, तिसऱ्या विभागातच पडते. एखाद्या पतसंस्थेच्या मासिक अहवालात एका शाखेचा नफा 18,45,300 आणि दुसरीचा तोटा तेवढाच असेल, तर पहिली ओळ 18,45,300 अशी आणि तिच्याखालची -1,845,300 अशी उमटते. अहवाल तयार करणाऱ्याच्या हे सहसा लक्षातही येत नाही, कारण तिसऱ्या विभागातला `##,##0` हा स्वल्पविराम संगणकाच्या रीजनप्रमाणे बसतो. त्याचे रीजन भारताचे असले, तर त्याला तोटासुद्धा -18,45,300 असाच दिसतो. चूक दिसते ती फाइल दुसऱ्याकडे पोचल्यावर.

हाच फॉरमॅट वरच्या टोकालाही अपुरा पडतो. त्यातले `\,` हे स्वल्पविराम ठरावीक जागी ठोकलेले असल्यामुळे शंभर कोटींच्या पुढचे अंक सगळ्यात डावीकडच्या गटात साचतात आणि 125 कोटींच्या ठेवी 1,25,00,00,000 ऐवजी 125,00,00,000 अशा येतात. काहींना हे चालते. मला ताळेबंदात चालत नाही. याहून फसवी जागा सीमेवरची आहे. एक्सेल अट तपासतो ती मूळ किमतीवर, आणि पूर्णांकन करतो ते त्यानंतर. म्हणून 99,99,999.60 ही रक्कम कोटीची अट पूर्ण करत नाही, ती लाखाच्या विभागात जाते, तिथे तिचे पूर्णांकन होऊन एक कोटी होतात आणि सेलमध्ये 100,00,000 असे दिसते. रीजन कोणतेही असले तरी ते तसेच दिसणार.

दुसरा मुद्दा रीजन बदलण्याचा, आणि त्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. अहवाल रात्री सर्व्हरवर तयार होऊन ईमेलने जात असेल, तर तो उघडणाऱ्या प्रत्येकाला संगणकाची मांडणी बदलायला सांगणे हा उपाय नव्हे. `#,##,##0` असे लिहूनही उपयोग होत नाही, कारण एक्सेल त्या स्वल्पविरामांची जागा पाहत नाही. गट पाडायचे आहेत एवढेच त्यातून घेतो आणि ते रीजनप्रमाणे पाडतो. या त्रासाला कंटाळून काही जण रक्कम पायथनमध्येच स्वल्पविरामांसह मजकूर करून सेलमध्ये टाकतात. दिसायला ते नीट दिसते, पण तशा कॉलमची `SUM` शून्य येते.

सेलमध्ये संख्या संख्याच राहू द्यावी आणि फॉरमॅट मात्र त्या संख्येचे अंक मोजून बनवावा. पूर्णांकन आधी, मोजणी नंतर, आणि चिन्ह बाजूला ठेवून:

```python
def lakh_format(x):
    n = len(str(abs(round(x))))
    pairs = max(0, (n - 2) // 2)
    p = r"##\," * pairs + "##0"
    return p + ";-" + p
```

अट नसलेल्या दोन विभागांच्या फॉरमॅटमध्ये दुसरा विभाग ऋण संख्यांसाठी असतो आणि त्यात उणे चिन्ह आपणच लिहावे लागते. वरची शेवटची ओळ तेच करते. 18,45,300 च्या तोट्यासाठी n सात येतो, जोड्या दोन होतात आणि रक्कम -18,45,300 अशी येते. 99,99,999.60 चे आधी एक कोटी होतात, n आठ येतो आणि 1,00,00,000 उमटतात. 125 कोटींना चार जोड्या मिळतात. यातले सगळेच स्वल्पविराम `\,` असल्यामुळे रीजनचा संबंध उरत नाही.

बेरजेच्या सेलमध्ये सूत्र असते आणि फाइल लिहिताना त्याची किंमत ठाऊक नसते, त्यामुळे तिथे कंडिशनल फॉरमॅटिंग वापरावे लागते. एक्स्एलएसएक्स-रायटरमध्ये प्रत्येक टप्प्याला असा एक नियम द्यावा आणि मोठ्या रकमेचा नियम आधी ठेवावा:

```python
ws.conditional_format("C2:C500", {
    "type": "formula",
    "criteria": "=ABS(ROUND(C2,0))>=100000",
    "format": lakh, "stop_if_true": True})
```

येथे `lakh` म्हणजे `##\,##\,##0;-##\,##\,##0` हा अंकफॉरमॅट असलेली शैली. `ABS` मुळे तोटा सुटत नाही आणि `ROUND` मुळे सीमेवरची रक्कम योग्य टप्प्यात जाते.

तिसरा मुद्दा फॉन्टचा. फॉन्टमध्ये अक्षरांची रूपे आणि ती जोडण्याचे नियम असतात, पण ते नियम अमलात आणण्याचे काम शेपिंग करणाऱ्या इंजिनाचे असते. एक्सेल ते स्वतः करून घेतो, म्हणून तिथे मराठी बिघडत नाही. पीडीएफमध्ये मात्र अक्षराकृती आधीच जागेवर बसवून ठेवाव्या लागतात, आणि ज्या लायब्ररी युनिकोडचे एकेक चिन्ह आले त्या क्रमाने मांडतात त्यांच्याकडून ‘शिल्लक’ची वेलांटी ‘श’च्या उजवीकडे जाते, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेला ‘ल’ आणि त्यापुढे दुसरा ‘ल’ येतो, आणि ‘खर्च’चा रफार वर न चढता सुटा ‘र्’ म्हणून उभा राहतो. फॉन्ट एम्बेड झालेला असतानाच हे घडते. ‘जमा’, ‘नावे’, ‘ठेव’ हे शब्द मात्र शेपिंगशिवायही व्यवस्थित दिसतात, आणि चाचणी नेमकी अशाच शब्दांवर झाली की हा दावा खरा वाटतो.

एफपीडीएफ-2 मध्ये `uharfbuzz` बसवून पुढची ओळ घातली की शेपिंग सुरू होते:

```python
pdf.set_text_shaping(True)
```

वीझीप्रिंट किंवा हेडलेस क्रोममधून एचटीएमएलची पीडीएफ केली, तर शेपिंग आपोआप होते. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट मात्र असला पाहिजे, नाहीतर चौकोन येतात. चाचणीसाठी मी ‘शिल्लक, खर्च, कर्मचाऱ्यांचे, ₹’ ही ओळ वापरतो. तिसऱ्या शब्दातला ‘ऱ्या’ सगळ्यात आधी बिघडतो. ₹ हे चिन्ह युनिकोडमध्ये 2010 साली आले, त्यामुळे पीडीएफच्या अंगभूत हेल्वेटिकात ते नाही आणि जुन्या देवनागरी फॉन्टांतही नसते. रकमेचा कॉलम वेगळ्या फॉन्टात असेल, तर तिथे ते स्वतंत्रपणे तपासावे.

जावास्क्रिप्टमधून पीडीएफ करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. `Intl.NumberFormat` ला `mr-IN` दिले तर गट बरोबर पडतात, पण अंक १२,३४,५६७ असे देवनागरीत येतात, तर `en-IN` दिल्यास 12,34,567 येतात. दोन्ही बरोबर आहेत. फक्त एकाच अहवालाच्या एक्सेल आणि पीडीएफ प्रतींत ते वेगवेगळे येऊ देऊ नयेत. मराठी मांडणी ठेवूनच इंग्रजी अंक हवे असतील, तर `mr-IN-u-nu-latn` लिहावे.