वाड्यात न येणे

मोडीचा अभ्यासगट काढणं एकदम सोप्पंय. वर्ग संपल्यावर उत्साहाच्या भरात सगळेच "दर रविवारी भेटायचंच हां" म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघतो, त्याचं नाव काय ठेवायचं यावर जेवढं घमासान होतं तेवढं नंतर मोडीवर कधीच होत नाही. मग सुप्रभात, मग कुणीच न उघडलेल्या पीडीएफ. प्रत्यक्षात उरतो आम्ही चौघं, आणि त्यातले एक काका.

काकांना सगळं येतं आणि तोच प्रॉब्लेम. ते कागद हातात घेणार, खडाखडा वाचणार, आपण पोहे खात मान डोलावणार, आणि घरी तोच कागद उघडला की अक्षर लागत नाही. वाचता येतंय असं वाटतं फक्त, वाचत असतात काका!

शेवटी वहिनींनी कायदा केला. एका वेळी एकच पत्र, आठच ओळी, प्रत्येकाने घरून देवनागरीत उतरवून आणायच्या, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यायचं. वाचायला सुरुवात सगळ्यात कच्च्या गड्याने करायची (म्हणजे मी), काका शेवटी. वह्या जुळल्या तर पुढे, नाही जुळल्या तर तिथेच मुक्काम. आणि ज्याच्या वहीत एकही टिंब नाही त्याने काल रात्री काकांना फोन केलाय हे ओळखावं.

मोडीत आधी आडवी रेघ मारून खाली सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत. त्यामुळे एका ओळीत आलं 'वाड्यातनयेणे'. मी वाचलं 'वाड्यातन येणे', वहिनींच्या वहीत 'वाड्यात न येणे'. चहा गार झाला तरी वाद चालूच, काका ओठ आवळून बसलेले, बिचाऱ्यांचा जीव कासावीस. मग पुढच्या ओळीत 'आलियास गुन्हेगारी घेतली जाईल' निघालं. येणाऱ्याला दंड आहे म्हणजे आत यायचंच नव्हतं, मी हरलो, पण ती ओळ आता जन्मात विसरणार नाही.

साल काढताना तर कहरच. 'सबा सबैन मया व अलफ', म्हणजे सात, सत्तर, शंभर, हजार, आधी एकं मग चढत जायचं. चौथ्या भिडूने बेरीज करून जाहीर केलं, ११७७ सालचं पत्र! अहो, पत्रात पेशव्यांचं नाव आहे. हे शुहूर सन, यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण त्याचं वर्ष मृगाला बदलतं, म्हणजे १७७६-७७. सवाई माधवराव तेव्हा दोन-तीन वर्षांचे.

हे सांगायला मात्र काकांना बोलू दिलं. पंधरा मिनिटं म्हणून दिलं होतं, पोहे संपले तरी ते पुरंदरच्या तहावरच होते.