पुराची पिशवी

पावसाळ्यात सांगलीत कुणी 'जेवलात का' विचारत नाही, 'आयर्विनला किती झालं?' विचारतात. कृष्णेवरच्या या आयर्विन पुलापाशी 40 फूट पाणी म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टात ते 57 च्या पुढं गेलं. तेव्हापासून आमच्या दारामागच्या खुंटीवर पुराची पिशवी लटकते.

पिशवी भरणं सोपं, ती भरलेली ठेवणं हा खरा छळ. तपासणी वर्षातून दोनदा, वटपौर्णिमेला आणि दिवाळीच्या साफसफाईत. सात जन्मांची मुदत मागून बायको घरी येते आणि थेट औषधांची मुदत बघायला बसते.

"अहो, ही बीपीची गोळी कधीची?"

सांगणार कोण? बाबांना दुकानात 'चारच द्या' म्हणायची सवय. पाकिटावर महिना-वर्ष एकाच टोकाला छापलेलं असतं, आणि ते टोक दुकानदाराच्या डब्यात राहतं. आता नियम असा, की पाकीट अख्खंच आणायचं. नवं पिशवीत, पिशवीतलं बाबांच्या डब्यात. बाबांची तक्रार आहे की या घरात त्यांना कायम शिळी गोळी मिळते. आईचं इन्सुलिन फ्रिजमध्येच राहणार, म्हणून पिशवीच्या बंदावर चिठ्ठी टाचलीय : 'फ्रिज उघडा'. एरवी ती वाचून मुलं इमानदारीनं फ्रिज उघडतात.

पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या बाटलीचा जोर उन्हाळ्यात, बंद असली तरी, उतरत जातो. म्हणून तारीख शिल्लक असली तरी वटपौर्णिमेला नवी येते आणि जुनी मोरी धुवायला जाते. चिवडा दर दोन महिन्यांनी बदलतो, नाहीतर शेंगदाणे खवट होतात. चिक्कीची मुदत मात्र आमच्याकडं कधीच संपत नाही. त्याआधी चिक्की संपते.

सर्वात बिकट प्रश्न बॅटरीचा. सेल आत ठेवून विसरलं की गळतात, पांढरी पूड धरते आणि स्प्रिंग गंजते. बाहेर सुटे ठेवले की बाबा ते टीव्हीच्या रिमोटला घालतात. शेवटी जाड सेलची जुन्या पद्धतीची बॅटरी आणली. ते सेल रिमोटमध्ये मावत नाहीत. बाबांनी प्रयत्न करून पाहिला. पॉवर बँक पडून पडून उतरते, तिला दर एक तारखेला चार्जिंग.

शेवटची परीक्षा वजनाची. पिशवी खांद्याला लावून गच्चीपर्यंत चढायचं. दम लागला तर काहीतरी काढायचं. यंदा मी पहिल्याच मजल्यावर टेकलो. उघडून बघतो तर कागदपत्रांच्या झेरॉक्सखाली, टॉवेलात गुंडाळलेली लोणच्याची काचेची बरणी.

"पुरात तोंडाला चव नसते," आई म्हणाली.

बायकोनं बरणी फिरवून फिरवून तारीख शोधली.

"मुदत कसली बघतीस? अजून मुरतंय ते."